'Reduce Flashing' ऑन केलं म्हणजे झालं का? फिट येणाऱ्या पोरासाठी गेम तपासायची आमची पद्धत

माझा धंदा लग्नाचे व्हिडिओ एडिट करायचा, नवी पेठेच्या मागच्या बाजूला छोटंसं ऑफिस आहे, त्यामुळे दिवसभर फ्रेम, कट, फ्लॅश ट्रान्झिशन हेच चालू असतं. ते काम एक दिवस भाच्याच्या आजारपणात उपयोगी पडेल असं वाटलं नव्हतं. भाचा पंधरा वर्षांचा, ताईचं घर जुळे सोलापूरला. सहामाही संपली त्या रात्री साहेब साडेअकराला लाईट बंद करून, पांघरुणात मोबाईल घेऊन झॉम्बी मारायचा गेम खेळत बसले होते, आदल्या दोन रात्री अभ्यासाच्या नावाखाली जागरण झालेलंच होतं. ताईला आवाज आला म्हणून ती धावत गेली तर पोरगं कडक झालेलं, हातपाय झटकत होतं. शेजारच्या काकूंनी कांदा आणला, कोणीतरी चप्पल हुंगवायला पुढं केली, आपल्याकडं होतं तसंच सगळं झालं. (त्यातलं काहीच करायचं नसतं बरं का. कुशीवर वळवायचं, तोंडात काही घालायचं नाही, हातपाय दाबून धरायचे नाहीत, घड्याळ बघायचं, आणि पाच मिनिटांत थांबलं नाही तर 108 ला फोन.)

नंतर डॉक्टरांनी ईईजी काढला. डोक्याला वायरी चिकटवून डोळ्यासमोर एक दिवा वेगवेगळ्या स्पीडनं लुकलुकवतात, कधी सेकंदाला दोनदा, कधी दहादा, कधी वीसदा, आणि मेंदूच्या रेषा कुठल्या स्पीडला बिघडतात ते बघतात. भाच्याच्या बिघडल्या. रिपोर्टवर लिहून आलं की उजेडाच्या लुकलुकण्याला मेंदू जास्त प्रतिसाद देतोय, याला फोटोसेन्सिटिव्ह एपिलेप्सी म्हणतात. फिट येणाऱ्या सगळ्यांना हे नसतं, शंभरातल्या साधारण तिघांना असतं, पण लहान आणि वयात येणाऱ्या पोरांमध्ये प्रमाण जास्त, म्हणजे नेमकं गेम खेळायच्या वयात.

डॉक्टरांनी गोळी सुरू केली, आणि गेम पूर्ण बंद असं न म्हणता 'लखलखाटाचे गेम नकोत, अंधारात नको, जागून नको' असं सांगितलं. आता लखलखाटाचा गेम कुठला आणि बिनलखलखाटाचा कुठला हे घरी कोण ठरवणार? ताई म्हणाली, "तू दिवसभर व्हिडिओच बघतोस ना, तूच बघ." मग बघितलं. त्यातून जे कळलं ते लिहितोय. तुमच्या पोरानं खेळावं का नाही हे मात्र तुमच्या डॉक्टरांनाच विचारा, ते माझं काम नाही.

पहिली गोष्ट, त्रास उजेडाचा नसतो, उजेड-अंधाराच्या अदलाबदलीचा असतो. डोक्याच्या मागच्या बाजूला मेंदूचा जो भाग बघायचं काम करतो तिथल्या लाखो पेशी एरवी आपापल्या तालात चालतात, पण पडदा पांढरा-काळा-पांढरा-काळा असा एका ठेक्यात मारायला लागला की त्या सगळ्या एकदम त्याच ठेक्यावर यायला लागतात, ढोलपथकात एकाचा टोल चुकला तरी बाकीचे सावरतात पण इथं सगळेच एका तालात वेडे होतात असं समजा. बहुतेकांच्या मेंदूत हे आवरणारी यंत्रणा चांगली असते, भाच्यासारख्यांच्यात ती कमी पडते, आणि झोप झाली नसेल किंवा गोळी चुकली असेल तर अजूनच कमी. लुकलुकण्याचा धोक्याचा पट्टा साधारण सेकंदाला 3 पासून 30 पर्यंत धरतात, त्यातही 15 ते 25 च्या आसपास सगळ्यात वाईट. प्रत्येकाचा पट्टा वेगळा असतो.

हा पट्टा फक्त गेममध्ये नसतो हे मला हिशोब करताना कळलं. आपल्याकडं कितीतरी घरात ट्यूब किंवा बल्ब पंख्याच्या वर असतो. पंखा मिनिटाला 300 फेरे मारत असेल तर सेकंदाला 5 फेरे, पाती तीन, म्हणजे खाली बसलेल्याच्या अंगावर सेकंदाला 15 वेळा सावली पडते! ताईच्या हॉलमध्ये हेच होतं, दिवा भिंतीवर घेतला, दोनशे रुपयाचं काम. तीच गोष्ट मिरवणुकीतल्या शार्पी लाईटांची, पण त्यावर लिहायला बसलो तर लेख राहील बाजूला.

आता गेमकडं येऊ. गेम सुरू करताना एक पाटी येते बघा, काही लोकांना लुकलुकणाऱ्या दिव्यांमुळं किंवा चित्रांमुळं झटके येऊ शकतात वगैरे. निंटेंडोच्या पाटीत तर आकडाही असतो, दर 4000 मध्ये एकाला होऊ शकतं. ही पाटी खरी आहे, पण ती जवळपास सगळ्याच गेमवर तीच असते, शांत कोड्याच्या गेमवरही आणि बॉम्बस्फोटाच्या गेमवरही, त्यामुळं ती वाचून तुम्हाला त्या गेमबद्दल काहीच कळत नाही. एसटीत 'खिडकीबाहेर हात काढू नये' लिहिलेलं असतं तसं. कामाची पाटी म्हणजे जी सांगते की अमुक ठिकाणी लखलखाट आहे, तो बंद करायचं बटण इथं आहे, किंवा तो सीन सोडून पुढं जाता येतं.

यातला फरक जगाला नीट दिसला तो 2020 च्या डिसेंबरमध्ये. सायबरपंक 2077 हा मोठा गेम 10 डिसेंबरला येणार होता, त्याच्या दोन-तीन दिवस आधी एका गेम पत्रकार बाईंनी लिहिलं की खेळताना त्यांना मोठी फिट आली. गेममध्ये 'ब्रेनडान्स' नावाचा प्रकार आहे, त्यात पात्राच्या डोक्यावर एक यंत्र चढवतात आणि ते चालू होताना लाल-पांढरे दिवे डोळ्यासमोर भराभर लुकलुकतात, जवळजवळ ईईजीच्या दिव्यासारखंच. कंपनीनं आधी ठळक पाटी टाकली. मग एका आठवड्याच्या आत अपडेट काढून तो इफेक्टच बदलला, लुकलुकण्याचा स्पीड आणि जोर दोन्ही कमी केले. पाटीनं काम भागत नाही, इफेक्ट बदलावा लागतो, हे त्यांनीच करून दाखवलं असं म्हणा.

टीव्हीवाल्यांनी हा धडा आधीच घेतला होता. 16 डिसेंबर 1997 ला जपानमध्ये पोकेमॉनच्या एका भागात लाल-निळा पडदा सेकंदाला साधारण 12 वेळा असा काही सेकंद लुकलुकला आणि त्या संध्याकाळी सहाशेच्या वर पोरं दवाखान्यात न्यावी लागली. त्यानंतर तिथं कडक नियम आले. ब्रिटनमध्ये तर कार्यक्रम दाखवायच्या आधी यंत्रावर तपासतात. पण टीव्हीचा कार्यक्रम एकदा बनला की तोच राहतो, गेम तसा नसतो. गेम तुमच्या हातात दर क्षणी नवीन बनत असतो. एक ग्रेनेड फुटला तर सेकंदात दोनच फ्लॅश, नियमात बसतो, पण चार मित्रांनी चार ग्रेनेड एकदम टाकले तर? प्रत्येक इफेक्ट सुटा तपासला तर पास आणि एकावर एक चढले की नापास. म्हणून बनवणाऱ्यानं कितीही तपासलं तरी काहीतरी निसटतं.

नियम म्हणजे नेमकं काय ते सांगतो, कारण तपासताना तोच वापरायचाय. एक फ्लॅश म्हणजे उजेड वाढून परत कमी होणं, किंवा कमी होऊन परत वाढणं, अशी एक जोडी. कुठल्याही एका सेकंदात अशा तीनपेक्षा जास्त जोड्या नकोत. वेबसाईटसाठीच्या जागतिक नियमावलीत हाच आकडा आहे. आता बारीक कोपऱ्यात एक दिवा लुकलुकत असेल तर तो चालतो, कारण जागाही बघतात: टीव्हीच्या नियमात पडद्याचा पाव भाग धरतात. आणि भडक लाल रंगाला वेगळा, जास्त कडक नियम आहे, कारण लाल रंगाची अदलाबदल मेंदूला जास्त चिथावते. गेमवाल्यांना तर लाल रंग फार आवडतो, जीव कमी झाला की अख्खा पडदा लाल.

जागेवरून आठवलं. ताई म्हणाली टीव्ही मोठा असतो म्हणून तो मोबाईलवरच खेळू दे. मी पण हो म्हणालो होतो. मग टेपनं मोजलं. साडेसहा इंची मोबाईल आडवा धरला तर पडदा जवळपास 15 सेंटीमीटर रुंद, पोरं तो तीस सेंटीमीटरवर धरतात, म्हणजे डोळ्याला तो साधारण 28 अंश व्यापतो. त्यांच्या हॉलमधला 43 इंची टीव्ही 95 सेंटीमीटर रुंद, सोफा अडीच मीटरवर, तो व्यापतो साडेएकवीस अंश! म्हणजे हातातला मोबाईल समोरच्या टीव्हीपेक्षा मोठा दिसतो. (हात सरळ पुढं करून मूठ धरली की ती साधारण 10 अंश असते, त्यावर अंदाज बांधा.) आता तो खोलीचा दिवा चालू ठेवून, सोफ्यावर बसून, टीव्हीला जोडूनच खेळतो. अंधारात पडद्याचा फ्लॅश आणि आजूबाजूचा काळोख यातला फरक मोठा होतो, डोळ्याची बाहुलीही पसरलेली असते, म्हणून दिवा चालूच पाहिजे.

आता सेटिंगबद्दल. गेम जरा विचारी असेल तर `Options` किंवा `Accessibility` मध्ये कुठंतरी `Photosensitive Mode`, `Reduce Flashing`, `Flashing VFX`, `Screen Flash` अशा नावाचं काहीतरी सापडतं. सेलेस्ट नावाच्या गेममध्ये `Photosensitive Mode` आहे. व्हॅम्पायर सर्व्हायव्हर्स मोबाईलवर फुकट आहे आणि पोरं खेळतातच, त्यात `Flashing VFX` आहे, तो बंद करायचा असतो, म्हणजे टिकमार्क काढायचा, इथं लोक उलटं करतात कारण एका गेममध्ये ऑन म्हणजे सुरक्षित आणि दुसऱ्यात ऑफ म्हणजे सुरक्षित. माइनक्राफ्टच्या जावा आवृत्तीत `Accessibility Settings` मध्ये `Hide Lightning Flashes` आहे, पावसात वीज पडली की आभाळ लखकन पांढरं होतं ते थांबतं, वीज मात्र दिसत राहते, म्हणजे गेमची मजा जात नाही.

आत होतं काय, तर सहसा यातलं एखाद-दुसरं: लुकलुकण्याच्या जागी उजेड हळूहळू चढतो आणि हळूहळू उतरतो, किंवा पांढऱ्याच्या जागी करडा येतो, किंवा इफेक्टचा जोर कमी करून तो पारदर्शक करतात, किंवा तो छोट्या भागापुरता ठेवतात, नाहीतर सरळ काढूनच टाकतात. कुठल्या गेमनं यातलं काय केलंय हे सेटिंगच्या नावावरून कळत नाही. आणि `Camera Shake` किंवा `Motion Blur` बंद केलं म्हणजे हे झालं असं नाही, ते गरगरल्यासारखं होतं त्यांच्यासाठी, फिटशी त्याचा तसा संबंध नाही. डार्क मोडचंही तेच. निळा उजेड अडवणारा चष्मा कोणीतरी ताईच्या गळ्यात मारायला बघत होतं, त्यानं लुकलुक कमी होत नाही, पैसे वाचवा. आयफोनमध्ये `Dim Flashing Lights` नावाचं सेटिंग आहे, ते चांगलं आहे पण ते व्हिडिओसाठी, गेम खेळताना त्याच्यावर विसंबू नका.

मग प्रत्यक्ष तपासणी. भाच्याला परत त्याच टाईपचा झॉम्बी गेम पाहिजे होता, दुसऱ्या कंपनीचा, त्यात `Reduce Flashing` होतं म्हणून त्याचा आग्रह. "मामा, त्यात ऑप्शन आहे ना, मग काय प्रॉब्लेम?" मी म्हणालो थांब बे, आधी मी बघतो. महत्त्वाचं, तपासणारा माणूस वेगळा पाहिजे, ज्याला फिट येतात त्यानं 'बघू तरी काय होतंय' करत तपासायचं नसतं.

डाऊनलोड करायच्या आधी यूट्यूबवर त्या गेमचा कोणाचा तरी खेळतानाचा व्हिडिओ कॉम्प्युटरवर उघडला, क्वालिटी 60 फ्रेमवाली, म्हणजे सेकंदाला 60 चित्रं दाखवणारी निवडली, आणि स्फोट आला की पॉज करून कीबोर्डवरचं पूर्णविरामाचं बटण दाबत एक एक फ्रेम पुढं नेली. स्वल्पविरामानं मागं जाता येतं. एवढ्यानंच निम्मे गेम बाद होतात, इन्स्टॉल करायचीही गरज पडत नाही. हा गेम बाद नाही झाला पण पासही नाही वाटला, म्हणून मग माझ्या मोबाईलवर घेतला, ऑफिसातल्या पोराला खेळायला बसवला आणि स्क्रीन रेकॉर्डर लावला, सेटिंगमध्ये जाऊन 60 फ्रेमवर करून. 30 फ्रेमवर रेकॉर्ड केलं तर फार भराभर होणारी लुकलुक दोन फ्रेमच्या मधे हरवते आणि व्हिडिओ शांत दिसतो, हा सापळा आहे. रेकॉर्डिंग व्हीएलसीमध्ये उघडून `E` दाबत राहायचं, एक दाबलं की एक फ्रेम.

पहिल्यांदा सेटिंग बंद ठेवून. बॅरल फुटला तिथं पडदा पांढरा झाला, तीन फ्रेमनंतर काळा, परत तीन फ्रेमनंतर पांढरा, असं चालू राहिलं अर्धा सेकंद. आता हिशोब: तीन फ्रेम उजेड आणि तीन फ्रेम अंधार म्हणजे सहा फ्रेमची एक जोडी, सेकंदाच्या 60 फ्रेम, म्हणजे सेकंदाला 10 चा वेग. अर्धाच सेकंद चालला म्हणून 5 जोड्या, तरी तीनच्या वर. अख्खा पडदा. सरळ नापास, आणि वेगही धोक्याच्या पट्ट्यात.

मग `Reduce Flashing` ऑन करून तोच बॅरल. आता पडदा एकदाच उजळला, तोही पिवळसर, आणि साधारण चाळीस फ्रेम घेऊन हळूहळू उतरला. एक जोडी. मस्त. भाचा शेजारी बसून (पडद्याकडं पाठ करून बसवला होता त्याला) विचारतोय झालं का, झालं का.

झालं नव्हतं. दहा मिनिटं खेळल्यावर पात्राचा जीव कमी झाला आणि पडद्याच्या कडेनं लाल रंग धडधडायला लागला. मोजलं तर सेकंदाला दोन, नियमात बसतं, पण लाल होता आणि अर्ध्याहून जास्त पडदा व्यापत होता, वर त्याच वेळी बंदुकीच्या तोंडाशी उजेड येत होता, दोन्ही मिळून एका सेकंदात चार-पाच जोड्या सहज. सेटिंगनं बॅरलचा स्फोट सुधारला होता, या लाल धडधडीला हातच लावला नव्हता. बनवणाऱ्याच्या लेखी कदाचित ती 'फ्लॅश' नसून 'हेल्थ इंडिकेटर' असेल, मेंदूला काय त्याचं.

पुढं अजून दोन जागा सापडल्या, आणि या दोन मी आता प्रत्येक गेममध्ये आधी बघतो. एक म्हणजे बक्षिसाची पेटी उघडते तो भाग. लढाईच्या बाहेर असतो म्हणून सेटिंग तिथं बहुतेक पोचतच नाही, आणि पोरांना भुलवायला सगळ्यात जास्त लखलखाट तिथंच ओततात, सोनेरी किरणं, पांढरा धमाका, परत किरणं. या गेममध्ये पेटीच्या एका सेकंदात सहा जोड्या निघाल्या. दुसरी म्हणजे जाहिराती. फुकटच्या गेममध्ये मधेच दुसऱ्याच कुठल्या गेमची जाहिरात येते ती या गेमच्या सेटिंगला ओळखत नाही, ती बाहेरून येते, तिच्यात काय असेल हे गेम बनवणाऱ्यालाही आधी माहीत नसतं. खरं सांगायचं तर मला स्फोटापेक्षा या जाहिरातींची जास्त भीती वाटते, कारण त्या कधी येतील ते सांगता येत नाही आणि पाच सेकंद बंदही करता येत नाहीत. ऑफलाईन चालणारा गेम असेल तर इंटरनेट बंद करून खेळला की त्या सहसा येत नाहीत, किंवा पैसे भरून जाहिराती काढून टाकायच्या. ताईला मी म्हणालो, आयुष्यात कधी गेमला पैसे देऊ नको म्हणायचो ना, इथं दे.

व्हिडिओ तपासायला तयार सॉफ्टवेअरही आहे. ईए या मोठ्या गेम कंपनीनं त्यांचं 'आयरिस' नावाचं टूल 2023 च्या डिसेंबरमध्ये सगळ्यांसाठी फुकट खुलं केलं, त्यात व्हिडिओ टाकला की कुठल्या फ्रेमला लखलखाट नियमाबाहेर जातोय ते सांगतं. बसवायला थोडं कॉम्प्युटरचं डोकं लागतं, आणि ते पण रेकॉर्ड केलेलंच बघतं, जे तुम्ही रेकॉर्ड केलं नाही ते त्याला दिसणार नाही. म्हणून रेकॉर्ड करताना मुद्दाम वाईट वागायचं, सगळे बॉम्ब एकदम टाकायचे, मुद्दाम मरायचं, पेट्या उघडायच्या, जाहिरात येऊ द्यायची.

अजून एक चोर आहे तो म्हणजे पट्टे. लुकलुक नसतानाही ठळक काळे-पांढरे पट्टे, जाळ्या, बुद्धिबळासारखे चौकोन अख्ख्या पडद्यावर असतील, त्यात ते हलत असतील, तर त्याच लोकांपैकी काहींना त्यानंही त्रास होतो. रेसिंग गेममधल्या बोगद्यात, नाहीतर जिन्याच्या पायऱ्यांवर हे येतं. सेटिंगमध्ये याला सहसा बटणच नसतं. भाच्याला सुदैवानं पट्ट्यांचा त्रास निघाला नाही, नाहीतर आमच्या घरातल्या चादरी कुठं ठेवल्या असत्या देव जाणे.

तर त्या झॉम्बी गेमला मी नाही म्हणालो. भाचा दोन दिवस बोलला नाही. त्याच्या ऐवजी माइनक्राफ्ट दिला, वरचं सेटिंग करून, आणि टीव्हीची ब्राईटनेस निम्म्यावर आणली. तासाभरानं उठायचं हे त्यानं स्वतःच मान्य केलं, म्हणजे ताईनं करायला लावलं.

आणि सगळं करूनही एखादा फ्लॅश आलाच तर काय करायचं हे त्याला डॉक्टरांनी शिकवलंय, ते मला माहीतच नव्हतं. मला वाटायचं डोळे मिटायचे. तर नाही. पापण्यांतून उजेड आत येतोच. करायचं असं की एक डोळा तळहातानं पूर्ण झाकायचा आणि मान वळवायची, कारण एकच डोळा बघत असला की मेंदूवरचा मारा बराच कमी होतो, मग दुसऱ्या हातानं मोबाईल पालथा किंवा टीव्ही बंद. गेममध्ये पॉज दाबून उपयोग नाही, कधीकधी पॉजच्या पडद्यामागं इफेक्ट चालूच असतो. हातातून अचानक झटका गेला, डोळ्यासमोर काजवे आले, क्षणभर कुठं आहे ते कळेना असं झालं तर तिथंच थांबायचं आणि मोठ्यांना सांगायचं, 'हा लेव्हल संपवून' नाही.

जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेत होम मैदानावर शोभेचं दारूकाम बघायला गेलो होतो सगळे. एकदम माळ लागली पांढऱ्या फुटणाऱ्यांची, फट् फट् फट्, मी घाबरून वळून बघितलं तर साहेब आधीच डाव्या हातानं डोळा झाकून, आभाळाकडं पाठ करून, उजव्या हातानं शेंगा खात उभे.

गेल्या आठवड्यात त्याचा फोन आला, आवाज मेल्यासारखा. मोबाईल खराब झाल्यामुळं एक गेम नवीन मोबाईलवर परत टाकला होता, आणि सेटिंग सगळं मूळ पदावर गेलेलं, फ्लॅश परत चालू. त्यानं पहिल्या पडद्यावरच ते बघितलं आणि खेळलाच नाही. आता त्यानं स्वतःचा नियम केलाय, अपडेट आलं किंवा परत टाकलं की आधी `Options`, मग खेळ. फोन ठेवता ठेवता म्हणाला, "आणि मामा, यात नवीन पेटी आलीय बहुतेक, रेकॉर्डिंग करून फ्रेमा मोजून दे ना."

मोजतोय. दोनशेच्या वर झाल्या, अजून पेटी उघडलीच नाही.